खालची कड

एटापल्लीच्या दवाखान्यात डोळे तपासता तपासता मला एक खोड लागली आहे. डोळ्याच्या आतला फोटो उघडला की माझी नजर आधी खालच्या कडेवर जाते. नस जिथून मेंदूकडे निघते तिथे एक गोल चकती दिसते. मधला फिका खळगा म्हणजे कप आणि भोवतीची गुलाबी कड म्हणजे जिवंत नस. धडधाकट डोळ्यात ही कड खाली सगळ्यात जाड असते, आणि मेला काचबिंदू बहुतेक वेळा तिथेच आधी कुरतडतो.

मोहफुलं वेचणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई चष्म्यासाठी आल्या होत्या. डाव्या डोळ्यात कप चकतीभर पसरलेला, तो डोळा गेलाच होता. उजव्यात खळगा चकतीच्या निम्म्याहून थोडा मोठा, पॉइंट सहा. नुसता आकडा धरला तर माणूस फसतं. मोठ्या चकतीत एवढा खळगा जन्माचाही असतो. पण बाईंची चकती लहान होती. फोटोत खोली दिसत नाही, म्हणून रंगावर न जाता मी रक्तवाहिनी कुठे वाकते ते पाहिलं. खाली ती पार काठाशी येऊन मुरडत होती. कड बारीक झाली होती, पण होती.

डोळ्याचा दाबही जास्त निघाला. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तपासून दोन्ही डोळ्यांत रोज थेंब सांगितले. गेलेली नजर येणार नाही, उरलेली राखायची, हे मी बाईंना आणि त्यांच्या सुनेला बजावून सांगितलं. मग सूनच रिकामी बाटली आणून नवी नेऊ लागली. सासूला आण म्हटलं की धानाचं काम पुढे करायची. पण औषधाचा खाडा नव्हता, आणि मला तेवढ्यानेच बरं वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्यात बाई आल्या त्या कपाळाला खोक घेऊन. दाराची वरची चौकट दिसत नाही म्हणाल्या. खालची कड गेली की वरचं दिसणं जातं. नवा फोटो जुन्याशेजारी लावला. खाली कड उरलीच नव्हती. रक्तवाहिनी काठावरून थेट खळग्यात उतरत होती.

थेंब कुठे घालता, विचारलं. त्यांनी डाव्या डोळ्याकडे बोट केलं. मी भडकलेच, उजव्यात काऊन नाई?

"बिमार डोळ्याले द्याचं ना औषध? हा तं चांगला होता. त्या डाव्यात दोन-दोन टाकले, लवकर बरा व्हावा म्हून."

सोबत आलेल्या सुनेलाही ते बरोबरच वाटत होतं. कळपातली आजारी बकरी असली की पाला आधी तिलाच. रागवायचं तरी कोणावर? मला नुसतं रडू येत होतं. ऑपरेशनसाठी जिल्ह्याला पाठवायचं ठरवलं, पण तेही उरलंसुरलंच राखणार होतं.

नव्या बाटलीचं सील फोडून मी स्वतः उजव्या डोळ्यात थेंब टाकला. बाईंनी डोळा गच्च मिटला. झोंबलं असावं.

"आता चांगला कोणता हाय, पोरी?"

हाच, म्हटलं.

"मंग याले काऊन जाळून राह्यली?"