‘काही दिवस’ कधी संपतात

आमच्या दवाखान्यात कुणाच्या हातातून काचेचा ग्लास पडला, तर वासंती मगदूम पटकन म्हणायची, “ग्लास वाढला गं!” फुटला असं तिच्या तोंडून कधी निघायचं नाही. निघताना ती ‘जाते’ म्हणत नसे, ‘येते’ म्हणे. डब्यातला तांदूळ संपला तरी तो तिच्याकडे ‘वाढलेला’च असे. बायकांत हे चालतंच, मीही म्हणते. पण वासंतीची गोष्ट वेगळी. जिभेवर अशुभ येऊच द्यायचं नाही, असं जणू तिनं व्रत घेतलं होतं.

ती आमची समाजसेविका. कागलच्या या ट्रस्टच्या दवाखान्यात ऑपरेशनला आलेल्या पेशंटला धीर देणं, सही घेण्याआधी कागद वाचून दाखवणं, हे तिचं काम. मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. माझी जीभ तिखट, म्हणून घाबरलेली माणसं माझ्याकडून उठून तिच्या टेबलाशी जायची. याचा मला राग यायचा, खोटं कशाला सांगू?

लहान ऑपरेशनांचे संमतीपत्राचे कागद आधी इंग्रजीत होते. मग डॉ. हेरवाडे म्हणाले, “वासंतीबाई, तुम्ही सोप्या मराठीत करा. गावच्या बाईला कळलं पाहिजे.” तिनं केले, आणि छान केले. ‘स्थानिक बधिरीकरण’ न लिहिता ‘फक्त तेवढाच भाग बधिर करणारं इंजेक्शन’ लिहिलं. वाचून डॉक्टर खूश झाले. मूळ कागद शेजारी ठेवून ओळ-ओळ ताडून पाहायचं मात्र कुणाला सुचलं नाही. वासंतीनं केलंय म्हटल्यावर कोण तपासणार?

अक्काताई सातपुते त्या मराठी कागदावर सही करून गेलेली. चपलेच्या पट्ट्याची वेणी विणणारी बाई. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला बोराएवढी गाठ. दुखत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, “काढली नाही तरी चालेल. काढायची असेल तर वासंतीबाई कागद समजावतील, मग ठरवा.” लेकीच्या लग्नात बांगड्या भरताना गाठ आड येईल, एवढंच अक्काताईचं म्हणणं. कागद ऐकला, हसली, सही केली. ऑपरेशन नीट झालं, टाके निघाले, लेकीचं लग्नही झालं.

वर्ष होत आलं तेव्हा ती पुन्हा आली. थेट वासंतीच्या टेबलाशी. मी तिथंच बँडेजच्या पट्ट्यांचं सामान मोजून घेत होते.

“ताई, एक इचारू?”

“विचारा की, अक्काताई. लेक बरी आहे ना?”

“लेक झ्याक हाय. तुमी वाचून दावलं हुतं न्हवं, अंगठ्याला काही दिवस मुंग्या येतील म्हून? ते काही दिवस कवा संपायचं?”

भांडायला आली नव्हती ती. खरंच विचारत होती. अंगठा पुढं केला तर त्याच्या पाठीवर बारीक-बारीक जखमा, काही ओल्या.

“आरी लागती, पर कळतच न्हाय. कातड्यावर रगात दिसलं की मग कळतं. डागाळलेली वेणी शेठ घेत न्हाय. म्हून आता बारीक वेणीचं काम मला देत न्हाईत. जाडंभरडंच देत्यात. बारीक वेणी आमच्या आळीत माझ्यावानी कुनाची न्हवती, ताई.”

वासंतीनं तिला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावून कापसानं शिवून पाहिलं, सुईच्या टोकानं हलकं टोचून पाहिलं. अंगठ्याच्या पाठीवर तिला काहीच कळत नव्हतं. “शीर दुखावली आहे,” ते म्हणाले. “इतक्या दिवसांनी आता संवेदना परत येणं अवघड.” मग मराठी कागद मागवला आणि इंग्रजी मूळ कागद शेजारी धरला.

मुळात होतं: अंगठ्याच्या पाठीला बधिरपणा, शंभरात सुमारे पाच जणांना, त्यांपैकी एकाला कायमचा. मराठीत होतं: ‘क्वचित अंगठ्याला काही दिवस मुंग्या येतात, हळूहळू आराम पडतो.’

वासंतीचा चेहरा उतरला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी मान खाली घातली. तिच्याकडं बघवत नव्हतं आणि आतून कुठंतरी मला बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची मला तिच्याइतकीच लाज वाटली.

“मला ‘कायमचा’ हा शब्द लिहवला नाही, डॉक्टर,” ती म्हणाली. “ऑपरेशनला निघालेल्या बाईसमोर तसं बोलू नये, असं वाटलं.”

डॉक्टर तिच्यावर ओरडले नाहीत. “सांगायचं काम माझं होतं,” एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. तिला निदान रडता आलं असतं.

ते कागद त्याच दिवशी वापरातून काढले. नवे लिहायला वासंतीच बसली, कुणी सांगितलं नसताना. पहिल्या खेपेस तिनं लिहिलं, ‘बधिरपणा राहण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ मी म्हटलं, “हे काय, कोर्टाचं समन्स? लाजेनं एकदम वकीलच झालीस की!” ती हसली नाही. खोडलं. मग ‘क्वचित’ आलं. माझ्या लेखी क्वचित म्हणजे हजारात एक, तिच्या लेखी वर्षातून एकदा. तेही खोडलं. शेवटी आकडेच राहिले. लॅबच्या फर्नांडिसबाईंनी मूळ कागद न बघता मराठीवरून पुन्हा इंग्रजी केलं, ते डॉक्टरांनी मुळाशी ताडलं. धोक्याची एकही ओळ हलली नव्हती. ‘कायमचा’ लिहिताना तिनं पेन दोनदा खाली ठेवलेलं मी पाहिलं.

ती म्हणाली, “आता एखाद्या साध्या बाईला वाचून दाखवायचं आणि तिनं तिच्या शब्दांत परत सांगायचं. त्याशिवाय छापायचं नाही.”

“बाह्यरुग्ण विभागात ढीगभर बायका बसल्यात. बोलव एकीला.”

“अक्काताईंना वाचून दाखवायचंय.”

“वेडी आहेस का? कुठल्या तोंडानं जाणार?”

“ह्याच.”

एकटी कशी सोडू? गेले तिच्याबरोबर. अक्काताई उंबऱ्यात जाड पट्टा घेऊन बसली होती, अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. आम्हाला बघून गडबडीनं उठली आणि तिनं बसायला पोतं झटकलं. तिनं आमचा मान ठेवला, हेच जास्त लागलं.

वासंती उभ्यानंच म्हणाली, “अक्काताई, मी कागदात चुकीचं लिहिलं होतं. मुळात होतं ते तुम्हाला सांगितलंच नाही. माझी चूक आहे. आता खरं लिहिलंय, ते ऐकता?”

अक्काताईनं मान हलवली. वासंतीनं वाचलं. आवाज ‘कायमचा’पाशी अडखळला, पण तिनं तो शब्द गिळला नाही.

“काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा.”

अक्काताईनं पट्टा मांडीवर ठेवला. “गाठ ऱ्हायली तरी चालती. काढली तर शंभर बायकांत पाच जनींचा अंगठा बधिर हुतो. चौघींचा बरा हुतो. एकीचा जलमभर तसाच ऱ्हातो.” अंगठा वर करून म्हणाली, “ती एक मी.”

एकही आकडा चुकला नव्हता.

“बाया भितील की ओ ह्ये ऐकून,” अक्काताई म्हणाली.

“भितील,” वासंती कशीबशी म्हणाली. “काही जणी सही न करता परत जातील.”

“जाऊ देत. भिऊ देत.” अक्काताईनं चिंधी सोडून पुन्हा घट्ट बांधली. “मला भ्यायलाच मिळालं न्हाय, ताई.”

तिनं चहा ठेवला. आम्ही तो खाली मान घालून प्यायलो. निघताना वासंतीच्या तोंडून सवयीचं ‘येते’ निघालं नाही. ती नुसतीच हात जोडून उभी राहिली.