प्रसादानंतरची चूळ

यंदा बिराप्पाच्या हातून लंगर तुटला नाही.

अणदूरच्या खंडोबापुढं लोखंडी साखळी हिसका देऊन तोडायची, हा मान त्याच्या घराकडं बापापासून चालत आलेला. जन्मभर मेंढरं राखून त्याचे हात लाकडासारखे टणक झालेले. पण यंदा त्यानं हिसके दिले, पुन्हा दिले, भंडारा उधळणारे लोक गप्प झाले, तरी साखळी होती तशीच राहिली. लोखंड चांगलं होतं आणि म्हातारा थकला होता, एवढीच गोष्ट. पण साधी गोष्ट बिराप्पाला कधी पटलीय? देवानं आपल्याकडं पाठ फिरवली, असं त्यानं मनाशी धरलं. पुढं पालखी निघाली, देव दरसालच्या नेमाप्रमाणं नळदुर्गला मुक्कामाला गेला, गाभारा रिकामा झाला. बिराप्पानं ती न तुटलेली साखळी घरी आणली आणि देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवली.

तेव्हापासून ती वाजायला लागली. मोठ्यानं नाही. वारा पडलेला असताना, जवळ कुणी नसताना, कडीवर कडी टेकल्याचा बारीक आवाज यायचा. सून दैवशाला म्हणाली, "उंदीर असंल, मामा." गुळगुळीत खुंटीला टांगलेल्या साखळीवर उंदीर कशाला चढेल, हे बिराप्पानं आपल्यापाशीच ठेवलं.

त्याचा जीव सगळा नातीत. दीपाली दहावीला. लहानपणापासून तिचे वरचे दात पुढं आलेले, त्यामुळं बोलताना एक हात कायम तोंडावर. फोटोत हात, लग्नात हात, जेवतानासुद्धा हात. अंगणवाडीत नोकरी करणाऱ्या दैवशालानं शेवटी तिला नळदुर्गच्या दवाखान्यात नेऊन दातांना तारा बसवल्या. वर्षभरात दात मागं सरकले आणि पोरीचा हात खाली आला. ती मोकळं हसायला लागली. ट्रकवर असलेला तिचा बाप फोनवरून तिला उगाच काहीतरी सांगून हसवायचा, आणि ते हसू ऐकायला बिराप्पा ओट्यावरून आत यायचा. हे हसू टिकावं, याखेरीज म्हाताऱ्याला आता दुसरं काही नको होतं.

दिवेलागणीला घरात ताटात भंडार-खोबरं घेऊन खंडोबाची तळी उचलली जाई. मग दीपालीच्या जिभेवर चिमूटभर भंडारा, हातावर सुक्या खोबऱ्याचा तुकडा आणि गुळाचा खडा. आणि त्यावर बिराप्पाचा नेम असा, की प्रसाद घेतल्यावर चूळ भरायची नाही. देव का थुंकून टाकायचा असतो? तिकडं आईची ताकीद, रात्री ब्रश केल्याशिवाय अंथरुणाला पाठ लावायची नाही. पोर दोघांची मर्जी राखणारी. ती तळीच्या आधीच ब्रश उरकून घ्यायची. आईनं ब्रश ओला बघितला, आज्यानं प्रसाद खाल्लेला बघितला, दोघंही खूश. तार धरायला दातांवर चिकटवलेल्या कड्यांचे रबर भंडाऱ्यानं पिवळे झाले, तर आज्जा म्हणाला, "देवाचा रंग लागला बघ."

त्या दिवशी तळी झाली. दीपालीनं खोबरं दाढेखाली धरलं आणि कट्ट असा आवाज झाला. त्याच क्षणी खुंटीवरची साखळी वाजली. या खेपेला दैवशालानंही ती ऐकली. तिनं मान वळवून खुंटीकडं पाहिलं आणि उंदराचं नाव काढलं नाही.

"आज्जा, तुटली," दीपाली म्हणाली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची रेघ उतरत होती.

बिराप्पानं बॅटरी आणली. मागच्या दाढेपाशी तार तुटून तिचं टोक गालात रुतलं होतं. पण त्याची नजर तिथं ठरलीच नाही. ती पुढच्या दातांवर गेली. एकेका कडीभोवती पांढरी, खडूसारखी निस्तेज चौकट उमटली होती. मेलेल्या मेंढराच्या डोळ्यावर असाच पांढरेपणा येतो. तो त्यानं माळावर कितीदा पाहिला होता. जिवंत पोरीच्या तोंडात तो दिसताच त्यानं बॅटरी विझवली.

"माझ्या हातून तुटाया पायजे हुतं," तो पुटपुटला, "ते हिच्या तोंडात तुटलं."

तो उठला आणि फळीवरची पक्कड घेऊन आला. "आण तोंड हिकडं. सगळं लोखंड काढून टाकतो. देवाला चालत न्हाय ते."

दीपालीनं तोंडावर हात ठेवला. इतके दिवस खाली असलेला तोच हात. ते बघूनही बिराप्पानं पक्कड सोडली नाही.

"मामा, जागचं हलू नका!" सासऱ्यापुढं कधी आवाज न चढवणारी दैवशाला ओरडली. तिनं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर वृषालीमॅडम पलीकडून सांगत गेल्या आणि तिनं तसं केलं. आधी तुकडा सुटून घशाकडं गेला नाही ना, ते पाहिलं. कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावली. कापसाच्या काडीनं तारेचं टोक हळूच दाताकडं दाबलं, दवाखान्यातून दिलेल्या डबीतल्या मेणाची गोळी करून त्यावर बसवली. ओढायचं काही नाही, सकाळी घेऊन या, असं मॅडमनी बजावलं.

सकाळी नळदुर्गला बिराप्पाही गेला. दवाखान्याच्या खुर्चीवर नात आडवी झाली आणि तो दाराला टेकून उभा राहिला. मॅडमनी तार बदलली, तिच्यासोबत दाढेवरून सुटलेली कडी परत चिकटवली. "पक्कड लावली असती तर दाताचा टवका निघाला असता, आजोबा," त्या म्हणाल्या.

"त्ये पांढरं काय हाय? कोड हाय का?"

"कोड नाही. गोड चिकटून राहिलं की त्यावर जंतू पोसतात. त्यांचं आंबट दाताला लागतं आणि दातातला क्षार निघून जातो. कडीच्या भोवती घास अडकतो, म्हणून पांढरं तिथंच."

"जाईल का?"

"फ्लोराइड लावते आहे. नीट घासलं तर वाढायचं थांबेल, थोडं फिकं होईल. सगळं जाईल असं मी खोटं सांगणार नाही." मग त्या दीपालीकडं वळल्या. "खोबरं, चिक्की, ऊस बंद सांगितलं होतं ना? पेरूसुद्धा बारीक चिरून. कड्यांमध्ये लहान ब्रश फिरवतेस? आणि रात्री घासल्यावर तोंडात काय जातं?"

दीपालीनं मान भिंतीकडं वळवली. आज्याचं नाव तिच्या तोंडून निघणार नव्हतं, हे बिराप्पाला लख्ख कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"प्रसाद," तो म्हणाला. "म्याच देतो. चूळ भरू नगं म्हणून म्याच सांगितलंय."

परत येताना एसटीत त्याच्या मनात एकच घोळत होतं. तिच्या दातांवरच्या एकेका पांढऱ्या चौकटीला आपला हात लागला होता, आणि तो मायेनंच लागला होता. लंगर न तुटल्याचं दुःख त्यापुढं त्याला हलकं वाटलं.

संध्याकाळी तळी झाली. बिराप्पानं खोबरं आणि गूळ देवापुढंच ठेवला. नातीच्या जिभेवर त्यानं फक्त भंडारा ठेवला, मग तिला न्हाणीपाशी नेलं, ब्रश हातात दिला आणि स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला.

"घास. मग चूळ भर."

"आज्जा, प्रसाद..."

"भर म्हणतो न्हवं."

तिनं सावकाश दात घासले, एकेका कडीभोवती ब्रश फिरवला आणि चूळ भरून टाकली. दगडावरून पिवळं पाणी मोरीकडं ओघळत गेलं. आत खुंटीवर साखळी वाजली. एकदा वाजली, थांबली, मग कुणीतरी हिसका दिल्यासारखी जोरात वाजली. दैवशाला चुलीपुढून उठून उभी राहिली. दीपालीनं आज्याकडं पाहिलं.

बिराप्पानं देव्हाऱ्याकडं पाठच ठेवली आणि तांब्या पुन्हा तिच्या ओंजळीवर वाकडा केला.

"आणीक एकदा भर," तो म्हणाला.