चिंचेवरची सुंदराबाय

माझी थोरली बहीण सुंदरा डोळखांबकडच्या एका पाड्यावर दिली होती. आम्ही तिला बाय म्हणायचो. तिच्याविषयी कुणीतरी लिहावं असं मला वाटायचं. पण लिहिणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच बसलो आहे. मला लिहायची सवय नाही.

आमचा बाप बैलांचा शौकीन. दर पौषात तो म्हसा गावच्या जत्रेला बैल घेऊन जाई. आम्हां मुलांना नेई, मुलींना नेत नसे. बाय पहाटे उठून भाकऱ्या बांधून द्यायची आणि वेशीपर्यंत आमच्यामागून चालत यायची. आम्ही परतलो की मला ओटीवर बसवून विचारायची, "लडकू, सांग ना. आपला बैल कुठं बांधला व्हता? बाजूला कोन व्हतं?" मी सांगायचो. घोंगड्यांचे ढीग, बैलांच्या गळ्यातल्या घाटी, रात्रीच्या बत्त्या. ती डोळे मिटून ऐकायची. लग्नानंतर तिचा नवरा जाई, तेव्हाही तिच्या वाट्याला भाकऱ्याच आल्या. म्हसा काही दूर नव्हतं. पण बायने ते पाहिलं नव्हतं.

नंतर तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत भाऊबीजेला ती ओवाळता ओवाळता म्हणाली, "लडकू, आता दिसायचं कमी होतंय. एकदा म्हसा दाखिव."

मी संदेशला, माझ्या मुलाला सांगितलं. तो रोज मुंबईला कामाला जायचा. त्याने शहापूरच्या स्टँडवर एक ट्रॅक्स जीप पौष पौर्णिमेसाठी ठरवली. ड्रायव्हर मंगेश नाशिकहून नवीनच आलेला होता, त्याला आमचे रस्ते माहीत नव्हते. संदेश म्हणाला, "बाबा, तुमी सगळं लिहून द्या. मी जाताना स्टँडवर देतो."

ती चिठ्ठी मी चार वेळा लिहिली. शेवटची अशी होती:

"शहापूरहून निघून शेणव्याला डोळखांबकडे वळावे. आधी चिंचेवर सुंदराबाय, त्यांना पुढे बसवावे, खिडकीकडे. त्याच वाटेने शेणव्याला परत येऊन किन्हवली, तिथे आम्ही तिघे. मग सरळगाव नाक्यावर सरस्वती, धाकटी बहीण. मुरबाडला चहा. म्हसा. वेळ उरल्यास नातीला लांबून सिद्धगड दाखवावा. गाडी रिझर्व आहे, वाटेत कोणी हात केला तरी पॅसेंजर घेऊ नये."

शेवटचं वाक्य संदेशने सांगितलं म्हणून घातलं. जीपवाले रिझर्व गाडीतही माणसं भरतात, हे सगळ्यांना ठाऊक. बायकडे निरोप गेला, चिंचेवर उभी राहा.

त्या दिवशी किन्हवलीला आम्ही तयार होऊन रस्त्यावर आलो. मी, सून अनिता आणि नात प्रियांका. संदेशला रजा मिळाली नव्हती. धुकं अजून शेतांवरून उठलं नव्हतं. त्यातून जीप आली. पुढची खिडकीकडची जागा रिकामी होती.

"बाय कुठंय?" मी विचारलं.

मंगेशने चिठ्ठी काढली. "काका, चिंच नाय तिथं. दोनदा फेरी मारली. चहावाल्याला इचारलं, चिंचेचं झाड कुठं, तर तो म्हनला, ते कवाच पडलं. मला वाटलं, तुमच्या बाई आल्याच नसतील."

चिंच खरंच पडली होती. वादळात पडली, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. पण आम्ही सगळे त्या जागेला चिंच म्हणतो. एसटीचा कंडक्टरसुद्धा चिंच म्हणून हाक देतो. झाड नाही हे लिहायचं माझ्या मनातच आलं नव्हतं.

"वाटेत एखादी म्हातारी दिसली का?" अनिताने विचारलं.

"दिसली. मोकळ्या जागंत उभी व्हती एक, हिरवं लुगडं. हात करत व्हती." मंगेशने चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "पन तुमीच लिवलंय ना काका, पॅसेंजर घ्यायचा नाय."

प्रियांका फिस्सकन हसली. अनिताने तिला चापट मारली.

"आता परत गेलो तर दुपार होईल," मंगेश म्हणाला. "सिद्धगड तर सोडाच, म्हशाला पोचेस्तोवर दिवस कलेल. बगा, तुमी सांगाल तसं."

अनिता माझ्याकडे बघत होती. मला कुणाला काही सांगायची सवय नाही. घरात कुणी विचारलं तर मी म्हणतो, तुम्ही बघा. पण त्या वेळी मला बाय दिसली, हात वर करून उभी, आणि समोरून रिकाम्या खिडकीची जीप जाताना.

"फिरव," मी म्हणालो. "आधी बाय. बाकी राहू दे सगळं."

"आन सरस्वती आत्या?" अनिता म्हणाली.

"पीसीओवरून नाक्यावरच्या दुकानात फोन कर. म्हणावं, उशीर होईल, सावलीला बस."

भात कापून नेलेली शेतं उन्हात पिवळी झाली होती. मला सारखं वाटत होतं, ती घरी गेली असेल, चुलीपुढे बसली असेल, आणि आता कितीही बोलावलं तरी यायची नाही.

बाय तिथेच होती. मोकळ्या माळावर, बुंध्याचा नुसता खळगा उरलेला, त्याच्या कडेला बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. झाड असतं तर सावली जिथे पडली असती, नेमकी तिथे. डोक्यावर ऊन आलं होतं.

"बाय, घरी का नाय गेलीस गो?"

"कशी जाऊ? तूच सांगितलंस चिंचेवर. मी हालले असते तर तू मला कुठं शोधलं असतंस?" मग मंगेशकडे तोंड करून म्हणाली, "आन हा कोन? मगाशी जोरात गेला तो? बाबा, म्हातारीनं हात केला तर थांबावं रे. मी काय फुकट बसनार व्हते?"

"चुकलं मावशी," मंगेश म्हणाला आणि स्वतः उतरून तिला पुढे चढवलं, खिडकीकडे.

बोचक्यात भाकऱ्या होत्या. सगळ्यांना पुरतील एवढ्या.

सरळगावला सरस्वती फणफणत जीपमध्ये चढली, पण बायला पुढे बघून गप्प झाली. मुरबाडचा चहा आम्ही टाळला, तरी पुढे जत्रेच्या गाड्यांच्या रांगेत जीप बराच वेळ रखडली. म्हशाला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि समोरून पौर्णिमेचा चंद्र वर येत होता. शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरला होता, त्यात बैलांच्या नुसत्या पाठी तरंगत होत्या. घाटी वाजत होत्या. बत्त्या पेटत चालल्या होत्या. बायच्या डोळ्यांना प्रत्येक दिव्याभोवती मोठं कडं दिसत असावं. ती जीपमधून उतरली आणि उभीच राहिली. प्रियांका तिला पाळण्याकडे ओढत होती, पण बाय गेली नाही.

"लडकू," ती म्हणाली, "आपला बैल बाबा कुठं बांधायचे?"

मी तिचा हात धरून गर्दीतून चालत गेलो. बाबांची जागा मला डोळे मिटून सापडली असती. तिथे आता बांगड्यांचं दुकान लागलं होतं. बैल नव्हते, खुंटा नव्हता.

"इथं?"

"इथंच."

"आन बाबा?"

"तुझ्या उजव्या हाताला. घोंगडीवर."

बाय उजवीकडे थोडी सरकली, कुणाला तरी जागा द्यावी तशी, आणि पदर डोक्यावर घेऊन बराच वेळ तिथे उभी राहिली. दुकानदार म्हणाला, आजी, बांगड्या भरायच्या का? तिने मान हलवली. मग मला म्हणाली, "तू सांगितलं व्हतंस, तसंच हाय रे."