सप्तपदीचा साक्षीदार

"आवं वकीलबाई, ह्या डोळ्यांनी पाह्यलं मी. अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हनत व्हता. माझ्या जावयानं त्या मोहिनीच्या गळ्यात हार घातला, तिनं त्याच्या. आजून काय पाहू?"

"ठमामावशी, अक्षता पडल्यावर काय पाहिलं ते सांगा."

"अक्षता पडल्यावं लोकं काय करत्यात? जेवाया पळत्यात."

अंजली वकीलबाईंनी पेन खाली ठेवला. नाशिकच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली त्यांचं टेबल. समोर ठमाबाई, बाजूला तिची लेक रूपाली, खाली मान घालून.

"होम पाहिला का? अग्नीभोवती सात पावलं चालले, ते पाहिलं का?"

"नाय पाह्यलं. पन बाई, त्या मोहिनीला त्याच्यापासून पोरगी झाली की! घरात भांडी घासती, त्याच्या आईचे पाय चेपती. मंग हे लगीन नाय तर काय, भागीदारीतला बोअर हाय का?"

वकीलबाईंना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. म्हणाल्या, "एकत्र राहणं, पोर होणं, हार घालणं, यातलं काही कोर्टाला पुरत नाही. पहिलं लग्न कायदेशीर होतं हे आपण दाखवायचं. ते लग्न मोडलेलं नसताना दुसरं झालं हे दाखवायचं. आणि दुसरंही रीतसर, पूर्ण विधीनं लागलं हेही आपणच दाखवायचं. तुमच्या समाजात सप्तपदी असते. सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. ते पाऊल पाहणारा माणूस मला हवाय."

ठमाबाई मखमलाबादकडची. दोन बिघे रानात झेंडू नि शेवंती. जावई वाल्मीक पिंपळगावला टेम्पो चालवायचा. रूपालीला दिवस राहत नाहीत म्हणून तिला माहेरी आणून टाकली, आन् वर्ष सरायच्या आत दुसरीला हळद लावली. बातमी भावकीतल्या तानुबाईनं आणली. ठमाबाई एकटीच डोक्यावरून पदर ओढून त्या लग्नात जाऊन बसली. भांडायला नाही, पाहायला. पोलिसात गेली तर ते म्हणाले, हा गुन्हा आम्ही परस्पर नोंदवायचा नाही, बायकोनं कोर्टात तक्रार करायची. तवापास्नं रूपालीची तक्रार न् कोर्टाच्या तारखा. नवीन कायदा आला, त्यात कलमाचा आकडा बदलला. पण लग्न जुन्या कायद्याच्या काळातलं, म्हणून बायको असताना दुसरी केल्याचा खटला जुन्या चारशे चौऱ्याण्णव कलमावरच चालला.

पहिलं लग्न चोख शाबीत झालं. गावचा भटजी आला, त्यानं होमापासून सातव्या पावलापर्यंत सगळं सांगितलं. दुसऱ्या लग्नाचा भटजीही समन्सावर आला. म्हणाला, "लग्नसराईत दिवसाला चार-चार ठिकाणी जातो साहेब. कोणाचं काय केलं, कसं ध्यानात राहणार?" फोटोवाल्यानं सांगितलं, डिस्क जळाली. पाहुण्यांच्या मोबाईलमधले फोटो मिळाले, त्यात हार होते, जिलबी होती, बेशुद्ध पडल्यागत झोपलेला एक म्हातारा होता. होम नव्हता.

साक्षीच्या दिवशी व्हरांड्यात तानुबाई कानाशी लागली. "सांगून टाक, पाह्यली म्हनून. कोन मोजाया आल्तं तिथं?"

ठमाबाईलाही तेच वाटत होतं. पण वकीलबाईंनी बजावलं होतं, "मावशी, खोटं एक वाक्य बोललात तर तो वकील उलटतपासणीत उसवत जाईल. मग खरं बोललेलंही वाया जाईल."

ती पिंजऱ्यात चढली. समोर वाल्मीक, इस्त्रीच्या शर्टात. त्याच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "बाई, सप्तपदी तुम्ही स्वतः पाहिली?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं तिनं. वाल्मीक गालात हसला, आन् तिला वकीलबाईंचं बजावणं आठवलं, मंडपातला तो दिवसही.

"अक्षता पडल्या तवा मला बघवलं नाय. मी मांडवामागं जाऊन ओकले. परत आले तर पंगत बसली व्हती."

"म्हणजे पाहिली नाही."

"नाय."

कारकुनानं टाईप केलं. एवढ्या वर्षांचं जळणं एका शब्दात मावलं.

उरली मोहिनी. वकीलबाईंनी तिला आरोपी केलंच नव्हतं, साक्षीसाठी राखली होती. ती लेकराला सासूजवळ देऊन उभी राहिली. "हार घातले," म्हणाली. "साखरपुडा व्हता. लगीन पुढं करायचं व्हतं." वकीलबाईंनी साक्षीदार फितूर झाली म्हणून कोर्टाची परवानगी घेतली आणि उलट प्रश्न विचारले. मंगळसूत्र कोणी घातलं? "मीच इकत घेतलं." पोरगी कोणाची? "त्यांची." मग लग्न? "नाय झालं." म्हणताना ती वाल्मीककडं नाही, टेबलाच्या पायाकडं पाहत होती.

निकाल लागला. साहेबांनी वाचून दाखवलं, दुसरं लग्न विधीपूर्वक लागल्याचा पुरावा नाही, सप्तपदी नाही, दुसरी कुठली रूढीही शाबीत नाही, सबब आरोपी निर्दोष. वाल्मीकनं हात जोडले. वकीलबाई रूपालीला म्हणाल्या, "अपिलाला हायकोर्टाची परवानगी लागते. मागू. पोटगीचं वेगळं चालूच आहे, कायद्यानं तूच त्याची बायको." रूपाली म्हणाली, "बायको व्हऊन काय करू?" आन् पाणी प्यायला निघून गेली.

जिन्यात मोहिनी आडवी आली. पोरगी कडेवर.

"मावशी, सात पावलं चालले मी. उपरण्याची गाठ बी व्हती. घरच्या चौघांशिवाय कोनी नव्हतं."

"मंग आत तोंडाला कुलूप व्हतं का गं?"

"तो जेलात गेला असता तर त्याच्या आईनं मला पोरीसकट रस्त्यावर काढलं असतं."

"तुला ठावं व्हतं का, माझी लेक त्याची बायको हाय म्हनून?"

"फारकतीचा स्टँपपेपर दाखवला व्हता. कोर्टाची फारकत लागते, हे आत्ता कळलं."

मागून आलेल्या वकीलबाई थांबल्या. "ही तुझी फसवणूक आहे, मोहिनी. लग्न झाल्याचा खोटा भास करून बाईला नांदवणं, हा वेगळा गुन्हा आहे. त्याला सात पावलांची गरज नाही. तू लबाडीला फसलीस हे मात्र तुला दाखवावं लागेल. पण आज तूच सांगितलंस, साखरपुडाच होता, लग्न पुढं करायचं होतं. म्हणजे लग्न झालंय असं तुला वाटतच नव्हतं. ही जबानी वाल्मीकचा वकील तुझ्यापुढं धरेल."

मोहिनीनं पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. पोरगी तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांशी खेळत होती.

"मंग मी त्याची कोन?"

ठमाबाईला कणव आली नाही. खोटं कशाला बोला! "ते त्याला इचार. आज कोर्टात तुझ्याच तोंडून सांगितलंस, कोनी नाय म्हनून. माझ्या लेकीचं घर गेलं, तुझं व्हतंच कुठं?"

खालून वाल्मीकनं टेम्पोचा हॉर्न वाजवला. मोहिनी पदर सावरत पळाली.

मायलेकी सिटीबसनं घरी आल्या. उन्हं कलली होती. दुसऱ्या दिवशी फुलबाजारात माल न्यायचा होता, आन् शेवंतीचे दोन वाफे तसेच उभे. ठमाबाईनं कोर्टात नेसलेलं लुगडं दोरीवर टाकलं, जुनं नेसली, कमरेला ओटी बांधली.

"आये, आज राहू दे ना," रूपाली म्हणाली.

"राहू दे म्हनून फुलं थांबत्यात का? उद्या पाकळ्या गळाया लागल्या तर कोन घेतं? तू त्या कडंनं धर. कळ्या नको तोडू, उमललेलीच घे. आन् फुलं झाकाया पोतं भिजव."

रूपालीनं पोतं भिजवलं. ठमाबाई वाफ्यात वाकली आणि खुडायला लागली.