पोचलीस का?

घरातलं कोणी गावाला निघालं की मी दर तासाला फोन करणार, हे ठरलेलंच. पनवेल आलं का? पेण आलं का?

या सवयीपायी शेवटी ज्यांच्याकडे गेलो, त्या समुपदेशक बाई म्हणाल्या, “उत्तर मिळालं की तुमचा जीव भांड्यात पडतो, म्हणूनच तासाभरात तो पुन्हा उत्तर मागतो. एकदा न विचारता राहून बघा. आधी भीती वहीत लिहा, नंतर खरं काय झालं ते.”

मी वैतागलो. गप्प बसणं हा काय उपचार झाला?

तरी बायको मानपाड्याहून खाजगी बसने कोकणात निघाली तेव्हा लिहिलं, ‘बस घाटात बंद पडेल, हिचे हाल होतील.’ पहिला तासभर छातीत धडधड. फोन तीनदा उचलला, तीनदा ठेवला. मग, काहीही कळलेलं नसताना, धडधड आपोआप ओसरली. मी चक्क मटार सोलत बसलो.

संध्याकाळी तिचा फोन आला. “अहो, पोचले. बस खरंच घाटात बंद पडलेली. आम्ही बायकांनी चहा घेतला, गप्पा मारल्या, तोवर दुसरी गाडी आली.”

“मग मला कळवलं का नाहीस?”

“कशाला? आज पहिल्यांदा गावाला पोचेपर्यंत फोनची बॅटरी टिकली.”