बानोचाचीचा दुसरा फोटो

रोहिणखेडची बानोचाची पिंजाऱ्याच्या घरची. बोंडअळीच्या सालापासून नवी गादी कोणी भरेना, जुनाच कापूस पिंजून नेत. तो गोळा झालेला कापूस हातानं पिंजून पिंजून तिचे खांदे गेले होते. पिंजायच्या मशीनसाठी तिनं कर्ज मिळवून देणाऱ्या संस्थेच्या गोविंदाकडे अर्ज केला. संस्थेच्या वेबसाइटवर कर्ज मागणाऱ्यांचे फोटो पाहून शहरातले अनोळखी लोक थोडं थोडं देत. महिन्यात पूर्ण रक्कम जमली नाही, तर ज्याचे त्याला परत.

चाचीनं स्टुडिओतला फोटो दिला होता. वीस दिवस झाले, पाव रक्कमही जमली नव्हती. तेवढंच कर्ज मागणारी हसऱ्या भाजीवालीची रक्कम तिसऱ्याच दिवशी भरली.

“चाची, फोटोत भाचीची सोन्याची साखळी काऊन घातली व?” गोविंदा म्हणाला. “अन् तोंड असं, जशी भांडाले उभी.”

“सावकाराच्या दारात फाटकं नेसून गेलं, तर तो देते का बे?”

“हे लोक उलटे हायेत. त्यायले कष्टही दिसले पायजे, हसनंही.”

चाची कामाच्या कपड्यांत, केसांत कापूस घेऊन बसली. हसू येईना. दहाव्या फोटोला थकून ती गोविंदालाच हसली.

तोच फोटो वेबसाइटवर लावला अन् चार दिवसांत रक्कम भरली. गोविंदानं मोबाइलवर तो फोटो दाखवला. चाचीनं मोबाइल जवळ घेऊन आपलं हसू पाहिलं.

“पैल्या फोटोतली बाई पैसे बुडवनार होती का बे?”

गोविंदानं मोबाइल खिशात टाकला. त्याला अजून सात बायांचे फोटो काढायचे होते.