फळ्यावरची शेवटची ओळ

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि आजच्यापेक्षा जास्त तापट होते. मलकापूर-नांदुरा रस्त्यावरच्या कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगसमोरच्या खानावळीत मी स्वयंपाकीण होते. कापसाचा हंगाम चालू होता. बीटी बियाणं पेरलं की बोंडअळीची काळजी नाही, असं सगळे समजून होते, आणि त्याच वर्षी हिरवी बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. आम्हीही वावरातल्या कपाशीच्या पराट्या वेळेआधीच उपटल्या होत्या. घरी बसून करायचं काय, म्हणून मी चुलीपुढे आले.

खानावळ ज्यांची होती त्यांना सगळे मावशीच म्हणत. त्या दिवशी मावशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बुलढाण्याला गेल्या होत्या. पहिल्यांदाच सगळं माझ्या हवाली. जाताना म्हणाल्या, "पोरी, एक वाजता शंभर-सव्वाशे माणूस जेवते. घाबरू नको." मी म्हटलं, "घाबरते कोण!" हे माझं नेहमीचं.

आमची पद्धत अशी होती. जिनिंगच्या गेटवर एक काळा फळा होता. सकाळी आठला प्रत्येक टोळीचा मुकादम त्यावर खडूने आपली ओळ लिही: टोळी नंबर, माणसं किती, भाकरी किती, पोळ्या किती, बिनतिखट किती, डबा कोणत्या शेडात. नऊ वाजता गेटवाला तो फळा ओल्या फडक्याने पुसे आणि त्यावर कापसाचा भाव लिही. म्हणजे आठ ते नऊ हा एकच तास. आधी मावशी फळ्यासमोर उभ्या राहून वहीत सगळं उतरवून घेत. मी हुशार! मी मोबाईलमध्ये फोटो काढी. दोन सेकंदांत काम. डोळ्याने नीट दिसेना म्हणून मागचे आठ दिवस मावशींनी फळ्याचं काम माझ्याकडे दिलं होतं, आणि वही लिहिणाऱ्या मावशींना मी हसत होते.

त्या सकाळी फोटो काढताना शेवटच्या ओळीकडे नजर गेली. इतरांपेक्षा मोठं अक्षर, खाली दोन रेघा. "दाणे" एवढा शब्द वाचला, "चालत नाहीत" असंही काहीसं दिसलं. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून राह्यला होता. म्हटलं, फोटोत आलं ना, मग झालं. बटण दाबलं, मोबाईल कमरेला खोचला आणि कापसाच्या ढिगांमधून निघून आले. मोबाईलचं मागचं झाकण ढिलं होतं, त्याला रबर गुंडाळलेलं. त्या आवारात कापसाची रुई पावसासारखी उडते, ती कुठे कुठे शिरते याचा विचार तेव्हा कोण करतं!

त्या दिवशी मी पाटोडी केली होती. बेसनाच्या वड्या आणि लालभडक रस्सा. मावशी नाहीत तर आपला हात दाखवायचा, ही खुमखुमी. रस्सा दाट व्हावा म्हणून वाटणात भाजलेले शेंगदाणे घातले, भरपूर घातले. रोज वांग्याच्या नाहीतर दुसऱ्या कोणत्या भाजीवर दाण्याचा कूट असतो, तो डोळ्यांना दिसतो. वाटणातले दाणे दिसत नाहीत, चवीतही चटकन कळत नाहीत. मोठं पातेलं सव्वाअकराला उतरवलं. बाजूला तुरीचं साधं वरण उकळत होतं.

भाकरीवाल्या काकूंनी परातीत पीठ घेता घेता विचारलं, "पोरी, आज भाकरी किती?"

मोबाईल काढला. गॅलरी उघडली. फोटो नाही. आजचा नाही, कालचा नाही, कोणताच नाही! माझ्या भाचीचे तीन जुने फोटो तेवढे दिसत होते. वर बारीक अक्षरात मेसेज आला होता: मेमरी कार्ड काढले गेले आहे. मी तर कार्डाला हातही लावला नव्हता.

तेव्हाच पहिल्यांदा तो शब्द डोक्यात टोचला. दाणे. कोणाला तरी दाणे चालत नाहीत. कोणाला? कोणत्या टोळीत? माझ्या आजोळी वडनेर भोलजीला एका सोयऱ्याला मी पाहिलं होतं, लग्नात चुकून दाण्याचा लाडू खाल्ला आणि ओठ सुजून श्वास अडकला होता. वाचला, पण निळा पडला होता. 

"काकू, आज कोणाले दाणे चालत नाहीत असं लिहिलं होतं का वं?"

"मले काय मालूम? मी फळ्यावर जातो का?"

गेटवर धावले. फळ्यावर भाव लिहिलेला. गेटवाल्याला विचारलं तर म्हणे, "मी पुसतो बाई, वाचत नाही." सहा टोळ्या सहा शेडांत, मशीन धडधडून राह्यलेलं, ते चालू असताना बाहेरच्याला शेडात सोडत नाहीत, आणि मुकादमांना फोन लावला तर एकही उचलेना. मशीन एकला थांबतं आणि तोवर डबे शेडात पोचावे लागतात. घड्याळात पावणेबारा झाले होते.

खरं सांगायचं तर तेव्हा मनात एक घाणेरडा विचार आला. असं काही लिहिलंच नव्हतं, मला भास झाला. कालच्या अंदाजाने डबे भरावे, गपगुमान पाठवावे. माझी पाटोडी, माझा पहिला दिवस. मावशींना कोण सांगणार होतं?

पण हात डब्याकडे जाईना. मोबाईल बंद करून परत चालू केला. आता दुसराच मेसेज: कार्ड खराब झाले आहे, फॉरमॅट करा. खाली दोन बटणं. मला वाटलं फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती. अंगठा त्यावर नेला, आणि कोण जाणे काऊन, थांबले. चौकात मोबाईलचं दुकान होतं, तिथल्या चाचांकडे तशीच, पिठाच्या हातांनी धावत गेले.

चाचांनी मेसेज पाहिला आणि मोबाईल माझ्या हातातून हिसकावूनच घेतला. "बेटा, ये दबाया क्या?"

"नाही."

"अल्ला का शुक्र! फॉरमॅट म्हंजे कार्ड कोरं करणं. दाबलं असतं तर तुझे फोटो एका मिनिटात गेले असते."

"मंग आता गेले नाहीत का?"

"फोटो कुठी नाही गेले. तुझा मोबाईल भरला होता म्हणून क्यामेरा सगळं कार्डावर टाकून राह्यला. आता मोबाईलले कार्डच दिसत नाही, मंग फोटो दाखवीन कुठून?"

त्यांनी आधी मोबाईल बंद केला. मग रबर काढलं, झाकण उघडलं, बॅटरी काढली. बॅटरीच्या बाजूला कार्डाची खाच. कार्ड नखाने ओढून काढलं आणि चाचा हसले. खाचेच्या तोंडाशी रुईचा पांढरा बोळा बसला होता, वाळलेल्या पाल्याच्या भुग्यासकट. त्यानेच कार्ड वर उचललं गेलं होतं.

"चाचा, हसू नका ना! तिकडे कोणाचा तरी जीव जाईन!"

मी ओरडलेच. दुकानातली दोन गिऱ्हाईकं वळून पाहायला लागली. चाचांनी मग लाकडी दातकोरणीने रुई धागा धागा ओढून काढली. फुंकर मारली नाही. म्हणाले, फुंकरीने थुंकी जाते आत. कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या होत्या, त्यांवर शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं आणि कोरड्या फडक्याने पुसलं. कार्ड बसवलं, बॅटरी टाकली, मोबाईल चालू केला.

परत तोच मेसेज. फॉरमॅट करा.

मला रडू कोसळलं. चाचा म्हणाले, "लाईट असती तर कम्प्युटरले लावून पाह्यलं असतं, पण चौकातली लाईट अकरापासून नाही. एक बार और." पुन्हा बंद, पुन्हा बॅटरी बाहेर. या वेळी त्यांनी काचेचं भिंग लावून खाचेत पाहिलं. आतल्या एका बारीक पितळी पत्तीवर केसाएवढा धागा अजून अडकला होता. तो सुईने अलगद काढला. बारा वाजून दहा मिनिटं. मोबाईल चालू व्हायलाच दोन मिनिटं लागली. मग मेसेज आला: कार्ड तपासत आहे. चाचा म्हणाले, "आता हात लावू नको. तो मोजून राह्यला." मी देव्हाऱ्यासमोर उभं राहावं तशी हात जोडून उभी होते.

गॅलरीत आधी करडे चौकोन आले, मग एकेक करून भरायला लागले. चाचांनी आजचा फोटो पहिल्यांदा मोबाईलच्या आतल्या मेमरीत कॉपी केला, तेवढीच जागा उरली होती, आणि मगच माझ्या हातात दिला.

सगळे आकडे होते. शेवटची ओळही होती. भास नव्हता! पण मी घाईत फोटो तिरपा काढलेला. ओळीची सुरुवात कडेबाहेर गेली होती. "...दाणे चालत नाहीत" एवढंच. टोळी कोणती ते कापलं गेलं.

काय सुचलं कोण जाणे, बोट सरकवून कालचा फोटो उघडला. बोटांनी मोठा केला. खाली कोपऱ्यात, लहान अक्षरात, तीच ओळ. पूर्ण. "बायांची टोळी, शेड चार, एकीले दाणे चालत नाहीत." परवाचा उघडला. तिथेही. त्याच्या आदल्या दिवशीही. आठ फोटो, आठही दिवस. अळीने खराब झालेला कवडी कापूस वेगळा वेचायला ती टोळी आली त्या दिवसापासून. मी रोज फोटो मोठा करून फक्त आकडे पाहायची, खाली जातच नव्हते. आज अक्षर मोठं केलं होतं, दोन रेघा मारल्या होत्या, तेव्हा कुठे माझ्या डोळ्यात शिरलं.

परत कशी आले ते आठवत नाही. काकूंना आकडे ओरडून सांगितले. वेगळा डबा घासून घेतला, वेगळ्या पळीने वरण भरलं, सोयाबीनच्या तेलात लसणाची फोडणी दिली, भाकरी वेगळ्या फडक्यात बांधल्या. एकला पाच कमी असताना बाकीचे डबे गाडीवर चढले. चार नंबर शेडात तो डबा मी स्वतः घेऊन गेले.

मशीन थांबलं होतं. बाया कापसाच्या ढिगाला टेकून बसल्या होत्या. विचारलं, "दाणे चालत नाहीत ते कोण?"

माझ्याच वयाची एक पोरगी उठली, धामणगाव बढेकडची, केसांत रुई अडकलेली. तिच्या मांडीवरच्या फडक्यात भाकर होती आणि कागदाच्या पुडीत मीठ. समोर टोळीच्या डब्यातलं माझ्या पाटोडीचं भगोणं उघडलेलं होतं.

"हे वरण तुझं. त्यातलं खाऊ नको, वाटणात दाणे हायत."

ती भगोण्याकडे पाहत म्हणाली, "अवं, आज कूट दिसला नाही. मले वाटलं आज वाचलं कोणीतरी. मुकादमाले सांगून दोन रेघा मारल्या होत्या ना. आता वाढूनच घेणार होती."

मी भगोणं तिच्यापासून लांब सरकवलं. तिने वरणात भाकर कुस्करली, पहिला घास घेतला, आणि खाता खाता विचारलं, रागाने नाही, खरंच कळावं म्हणून विचारलं.

"आठ दिवसापासून मीठ-भाकर खाऊन राह्यली मी. तू रोज फळ्यासमोर उभी राहून फोटो काढतेस, हे मी इथून पाहतो. मंग तू त्या फोटोचं करतेस तरी काय?"